भाकरी की चपाती? चोथा नेमका कुठे हरवतो

जळकोट, नळदुर्ग, अणदूर या पट्ट्यात वस्तीवर आरोग्याची बैठक घेतली की एक प्रश्न हमखास येतो. "सिस्टर, शुगर निघाली आहे. आता चपाती बंद करून भाकरीच खायची का?" दुसरा प्रश्न बाया हळू आवाजात विचारतात. "दोन-दोन दिवस परसाकडे साफ होत नाही. जोर केला की रक्त पडतं. काय खावं?" या दोन्ही प्रश्नांच्या उत्तरात चोथा येतो. डॉक्टर त्याला फायबर म्हणतात, पुस्तकात तंतुमय पदार्थ असे लिहिलेले असते. चोथा म्हणजे धान्य, डाळी, भाज्या आणि फळे यांतला आपल्याला न पचणारा भाग.

न पचणारा भाग खायचा कशाला, असे वाटेल. पण त्याची कामे दोन आहेत. गव्हा-ज्वारीच्या कोंड्यासारखा खरखरीत चोथा पाणी धरून ठेवतो, मळ मऊ आणि भरीव करतो आणि आतड्यातून पुढे ढकलतो. कडधान्ये, गवार, पेरू आणि मेथीदाणे यांतला बराचसा चोथा पाण्यात भिजून बुळबुळीत होतो. तो पोटातले अन्न हळूहळू पुढे सोडतो, त्यामुळे जेवल्यानंतर रक्तातली साखर एकदम उसळत नाही. आपल्याला दोन्ही प्रकार लागतात. कोणत्या पदार्थात कोणता, हे पाठ करण्याची गरज नाही. ताटात धान्य, कडधान्य, भाजी आणि फळ असले की दोन्ही आपोआप मिळतात.

डेनिस बर्किट नावाचे एक डॉक्टर युगांडात अनेक वर्षे शस्त्रक्रिया करत होते. तिथल्या खेड्यातली माणसे भरडधान्य आणि कंदमुळे खात. त्यांना बद्धकोष्ठ आणि मूळव्याध क्वचितच दिसते आणि पांढऱ्या पावावर जगणाऱ्या इंग्लंडच्या लोकांत मात्र हे आजार घरोघरी आहेत, हे त्यांच्या लक्षात आले. 1970 च्या दशकात त्यांनी हा मुद्दा जगापुढे मांडला आणि डॉक्टर मंडळी चोथ्याकडे गंभीरपणे पाहू लागली. युगांडाच्या त्या खेडुतांसारखेच भरड जेवण आपल्या आजीच्या ताटात होते. ते कुठे गेले, ते पाहू.

भाकरीत जास्त, चपातीत कमी, हे खरे नाही

आधी हा गैरसमज काढून टाकू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते छापले. त्यांत शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम चोथा दिला आहे आणि गव्हाच्या पूर्ण पिठात सुमारे 11 ग्रॅम. बाजरी आणि नाचणीही साधारण 11 च्या आसपास आहेत. म्हणजे चोथ्यापुरते बोलायचे तर ज्वारीची भाकरी आणि कोंड्यासकट पिठाची चपाती सारख्याच. खरा फरक पुढे आहे. शंभर ग्रॅम पांढऱ्या तांदळात चोथा जेमतेम पावणेतीन ग्रॅम आणि मैद्यातही तेवढाच. गव्हाचा मैदा झाला की त्यातला तीन चतुर्थांश चोथा गिरणीतच राहतो.

हे आपल्या घरांसाठी महत्त्वाचे आहे, कारण ज्वारी आता विकत घ्यावी लागते आणि गहू-तांदूळ रेशनवर मिळतात. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलो असे दर होते. जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफत झाले. कायद्यात भरडधान्य आहे, पण आपल्या दुकानात बहुतेक वेळा गहू आणि तांदूळच येतात. त्यामुळे घराघरात भात वाढला आणि भाकरी कमी झाली. तेव्हा "ज्वारी परवडत नाही, मग आमच्या नशिबी चोथा नाही" असे समजू नका. रेशनचा गहू नीट वापरला तर तोही तितकेच काम करतो. ज्याच्या घरी शेतातली ज्वारी येते त्याने ती जरूर खावी. ज्याच्याकडे येत नाही त्याने गव्हाचा कोंडा तरी टाकू नये.

आणि शुगर असलेल्यांसाठी एक इशारा. भाकरीनेही साखर वाढते. "भाकरी चालते" म्हणून चपातीच्या जागी चार भाकरी खाल्ल्या तर उपयोग काहीच होत नाही. दोन चपात्यांच्या जागी एक मध्यम भाकरी, हा हिशोब धरा. दोन्हींना साधारण साठ ग्रॅम पीठ लागते.

चोथा चार ठिकाणी गळतो

पहिली जागा चाळणी. गिरणीतून पीठ आले की आपण ते बारीक चाळणीने चाळतो आणि वर राहिलेला कोंडा म्हशीला किंवा कोंबड्यांना टाकतो. गव्हातला बहुतेक चोथा त्याच कोंड्यात असतो. गहू दळायला देण्याआधी नीट निवडा आणि पाखडा, म्हणजे खडा, काडी, किडा आधीच निघेल. दळून आल्यावर पीठ चाळायचेच असेल तर मोठ्या भोकांची चाळणी घ्या, आणि वर राहिलेला कोंडा स्वच्छ असेल तर परत पिठात मिसळा. अशा पिठाची चपाती कडक होते, ही तक्रार खरी आहे. उपाय असा, की कणीक नेहमीपेक्षा थोडे जास्त पाणी घालून सैल मळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. तेवढ्या वेळात कोंडा पाणी पितो आणि चपाती मऊ होते. घरात पोरं कुरकुर करत असतील तर पहिला आठवडा निम्मा कोंडा ठेवा, दुसऱ्या आठवड्यापासून सगळा.

दुसरी जागा भात. भात वाईट नाही, पण दोन्ही वेळचे पोट भातानेच भरले तर चोथ्याला जागा उरत नाही. भाताऐवजी काय, यापेक्षा भात किती, हा प्रश्न विचारा. भात निम्मा करून उरलेली भूक चपाती, भाकरी किंवा उसळीने भागवायची.

तिसरी जागा मैदा. सकाळच्या चहाबरोबरचे टोस्ट, खारी, बटर, पाव, पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा, हायवेवरचा समोसा, पोरांच्या नूडल्स, या बहुतेकांत मैदाच असतो. "ब्राऊन" आणि "मल्टिग्रेन" या शब्दांना भुलू नका. पावाला तपकिरी रंग साखर जाळूनही आणता येतो. पुड्याच्या मागे घटकांची यादी असते आणि जो घटक सगळ्यांत जास्त तो पहिला लिहावा लागतो, असा नियम आहे. यादी बहुधा इंग्रजीत असते. शाळेत जाणाऱ्या पोरीला वाचायला सांगा. पहिलाच शब्द "रिफाइंड व्हीट फ्लोअर" किंवा "मैदा" असेल, तर समोर काहीही चित्र असो, तो मैदाच. चहाबरोबर रात्रीची शिळी भाकरी, चपातीचा कुस्करा, गव्हाच्या भरड्याची लापशी किंवा सालीसकट फुटाणे घ्या. फुटाणे आणि डाळे यांत फरक आहे. डाळ्याची साल काढलेली असते आणि हरभऱ्याचा बराच चोथा त्या सालीत असतो. म्हणून घ्यायचे तर सालीचे फुटाणे.

चौथी जागा पातळ वरण आणि बटाट्याचा रस्सा. सहा माणसांत वाटीभर तूरडाळ आणि वरून पाणी, असे वरण चवीला बरे लागते पण ताटात चोथा देत नाही. साल काढलेल्या तूरडाळीत शंभर ग्रॅमला 9 ग्रॅमच्या आसपास चोथा असतो, अख्ख्या मुगात सुमारे 17, मटकीत 15, आणि अख्ख्या हरभऱ्यात तर 25. म्हणून आठवड्यातून तीन-चार वेळा डाळीऐवजी अख्ख्या कडधान्याची उसळ करा.

आजीची भाजी

मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या घरात काय शिजत होते, याची नोंद शाहू पाटोळे यांनी "अन्न हे अपूर्णब्रह्म" या पुस्तकात केली आहे. ते आपल्याच जिल्ह्याचे. ज्याला गरिबाचे खाणे म्हणून हिणवले गेले त्या खाण्यात पालेभाज्या भरपूर होत्या. तांदुळजा, पाथरी, चिघळ, अंबाडी, करडईची कोवळी पाने, शेवग्याचा पाला. यातले बरेचसे बांधावर आणि शेतात फुकट उगवते. शंभर ग्रॅम मेथीत किंवा तांदुळजात चार-पाच ग्रॅम चोथा आहे, शेवग्याच्या पाल्यात आठच्या आसपास, बटाट्यात मात्र दोनसुद्धा नाही. शेवग्याचे एक झाड घराच्या मागे असेल तर वर्षभर वरणात मूठभर पाला पडू शकतो. एक काळजी घ्या. तणनाशक किंवा कीटकनाशक फवारलेल्या रानातली भाजी खुडू नका. कुणाचे रान आहे, कधी फवारले, हे विचारूनच खुडा.

फळ म्हणजे सफरचंद, हा समज सोडा. पेरू शंभर ग्रॅमला आठ ग्रॅमच्या पुढे चोथा देतो. सीताफळ, चिकू, बोरं हीसुद्धा चोथ्याची फळे. फळ सालीसकट आणि चावून खा. रस काढला की चोथा गाळणीत राहतो आणि ग्लासात साखरेचे पाणी उरते. शुगर असलेल्यांनी चिकू आणि सीताफळ बेताने खावे, त्यांच्यासाठी पेरू बरा.

एका बाईच्या ताटाचा हिशोब

मजुरीला जाणाऱ्या एका बाईचा दिवस धरू. सकाळी चहा आणि चार-पाच टोस्ट, चोथा दीड ग्रॅम. दुपारी दीडशे ग्रॅम तांदळाचा भात, त्यात चार ग्रॅम. दिवसभरात तिच्या वाट्याला आलेली तूरडाळ वीस ग्रॅम, म्हणजे दोन ग्रॅम. बटाट्याचा रस्सा दीड ग्रॅम. रात्री न चाळलेल्या पिठाच्या दोन चपात्या, साडेसहा ग्रॅम, आणि शंभर ग्रॅम तांदळाचा भात, तीन ग्रॅम. एकूण साडेअठरा. तेच पीठ बारीक चाळलेले असेल तर याहूनही कमी. भारतीय वैद्यक संशोधन परिषद दिवसाला सुमारे तीस ग्रॅम चोथा सुचवते. म्हणजे पोट भरलेले असूनही चोथा पाऊणसुद्धा नाही.

आता फक्त तीन बदल करू. पहिला, टोस्ट बंद करून चहाबरोबर एक शिळी भाकरी किंवा दोन चपात्या. दीड गेले, सहा आले, बेरीज तेवीस. दुसरा, दुपारचा भात निम्मा आणि त्याच्या जागी एक भाकरी. दोन गेले, सहा आले, सत्तावीस. तिसरा, रात्रीचा भात निम्मा आणि चाळीस ग्रॅम मटकीची उसळ, म्हणजे कोरडी मटकी अंदाजे मूठभर. दीड गेले, सहा आले, साडेएकतीस. ताट जड झाले नाही, कारण जेवढे काढले साधारण तेवढेच घातले. टोस्टचे पैसे वाचले, ते मटकीला लागले. बटाट्याच्या जागी एखाद्या दिवशी पालेभाजी आली किंवा पेरू मिळाला तर तो वरचा फायदा.

इथे चूक होते

तीनही बदल एकाच दिवशी केले तर पोट फुगते, वारा सरतो, कळ येते, आणि माणूस म्हणतो, "हे आपल्याला मानवत नाही." आतड्यातले जंतू चोथ्यावर जगतात आणि त्यातून वायू तयार होतो. त्यांना सवय व्हायला वेळ लागतो. म्हणून आठवड्याला एकच बदल करा. पहिल्या आठवड्यात सकाळचा, दुसऱ्यात दुपारचा, तिसऱ्यात रात्रीचा. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्या, मोड आणा आणि नव्या पाण्यात मऊ शिजवा. त्याने वायू कमी होतो. उसळ पहिल्यांदा अर्धी वाटीच घ्या.

दुसरी चूक पाण्याची. चोथा पाणी ओढतो. पाणी कमी पडले तर तोच चोथा आतड्यात घट्ट बसतो आणि बद्धकोष्ठ वाढते. रानात, ऊसतोडीला किंवा बांधकामावर जाणाऱ्या बाया मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण लघवीला आडोसा नसतो. परसाकडची भावनाही दाबून ठेवतात. दाबलेला मळ आतच सुकतो. अशा बाईला नुसता कोंडा वाढवायला सांगणे चुकीचे ठरेल. तिने सकाळी उठल्याबरोबर दोन पेले पाणी प्यावे, कामावर निघण्याआधी दहा मिनिटे संडासात बसायला वेळ ठेवावा आणि घरी परतल्यावर राहिलेले पाणी भरून काढावे. दिवसाचे आठ-दहा पेले व्हावेत, उन्हाळ्यात त्याहून जास्त. लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडते आहे. आणि कामावर आडोशाची, संडासाची सोय मागणे हा आपला हक्क आहे. ती मागणी चार जणींनी मिळून मुकादमाकडे करावी.

तिसरी गोष्ट लोहाच्या गोळीची. गरोदर बाया आणि रक्त कमी असलेल्या मुली ही गोळी घेतात. कोंडा आणि चहा दोन्ही लोहाला अडवतात. म्हणून गोळी जेवणाबरोबर किंवा चहाबरोबर घेऊ नका. मध्ये दोन तास जाऊ द्या आणि लिंबूपाण्याबरोबर घ्या. या गोळीने मळ काळा होतो, बद्धकोष्ठही होते. त्यासाठी गोळी सोडू नका, उसळ, भाजी आणि पाणी वाढवा.

बदल लागू पडला का, आणि कधी थांबायचे

दोन-तीन आठवड्यांनी पाहा. मळ मऊ, आकार धरलेला, जोर न करता काही मिनिटांत मोकळा होत असेल तर प्रमाण जमले. बकरीच्या लेंड्यांसारखे खडे पडत असतील तर पाणी किंवा चोथा कमी आहे. सारखे पोट गच्च राहत असेल तर एक पायरी मागे या आणि आठवडाभर तिथेच थांबा.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी भात कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगावे, कारण औषध तेच राहिले आणि भात निम्मा झाला तर साखर खूप खाली जाऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच साखर-पाणी घ्या. किडनीचा आजार असलेल्यांनी कडधान्य, भाजी आणि फळ डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणेच घ्यावे. हगवण लागली असेल किंवा पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर कोंडा आणि उसळ थांबवावी. दोन वर्षांच्या आतल्या लेकराला कोंडा वेगळा घालू नका. त्याचे पोट लहान असते, ते चोथ्यानेच भरले तर वाढीसाठी लागणारे अन्न मावत नाही. त्याला मऊ भात, घट्ट वरण, शिजवून कुस्करलेली भाजी आणि फळ पुरे.

मूळव्याध आहे असे गृहीत धरून पुष्कळ माणसे वर्षानुवर्षे घरगुती उपाय करत बसतात. मळातून रक्त येणे, लोहाची गोळी चालू नसताना डांबरासारखा काळा मळ होणे, कारण नसताना वजन उतरणे, चाळिशीनंतर अचानक शौचाची सवय बदलणे, यांपैकी काहीही असेल तर सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. पोट फुगून कडक झाले आहे, उलट्या होत आहेत आणि वारासुद्धा सरत नाही, अशा वेळी चूर्ण, एरंडेल काहीही देऊ नका. 108 ला फोन करा आणि त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.

या आठवड्याचे काम एवढेच. पुढचे दळण आले की चाळणीवर उरलेला कोंडा स्वच्छ आहे का ते पाहा आणि परत पिठात मिसळा. टोस्टचा पुडा आणू नका, चहाबरोबर शिळी चपाती खा. दुपारच्या भाताला पुढच्या आठवड्यात हात लावू.